टक्का उतरला, पण थकलेली रक्कम वाढली होती

"ताई, पुण्यातल्या एका छोट्या फायनान्स कंपनीत ज्युनिअर अॅनालिस्ट आहे, नोकरीला अजून वर्ष व्हायचंय. बोर्ड मीटिंगच्या पॅकमधला एनपीएचा, म्हणजे थकलेल्या कर्जांच्या टक्क्याचा, बार चार्ट मी केला होता. मागच्या मार्चला ४.०%, मग ३.९, ३.७, ३.५ आणि या मार्चला ३.४. शीर्षक दिलं 'एनपीएमध्ये मोठी घट'. पॅक आठवडाभर आधीच डायरेक्टरांना गेलं होतं. मीटिंगच्या आदल्या रात्री साडेनऊला रिस्कच्या मॅडमचा फोन आला, म्हणाल्या अगं तुझा शेवटचा बार पहिल्याच्या निम्मासुद्धा नाहीये, अॅक्सिस तीनपासून सुरू झालाय, आणि वर्षात लोन बुक ४०० कोटींवरून ६०० कोटींवर गेलंय ते कुठं दाखवलंयस? मी घाबरून माझ्या सरांना फोन केला. ते म्हणाले अॅक्सिस शून्यावर आण, पोर्टलवरची जुनी फाइल काढून नवी टाक, कुणाला काही बोलू नकोस. मी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी कुणी काही विचारलं नाही, दहा नवीन शाखांना मंजुरी मिळाली, सर खूश. मॅडम मात्र तेव्हापासून कामापुरतंच बोलतात. मी एकही आकडा बदलला नव्हता, अॅक्सिसला तर हातही लावला नव्हता, एक्सेलनेच तसा काढला. मग माझं चुकलं काय? आणि आता बोलू का गप्प बसू? मीटिंग होऊन सहा दिवस झालेत."
— निनावी, पुणे

बोल. आणि याच आठवड्यात बोल. कुणाशी आणि कोणत्या शब्दांत ते खाली सांगते, पण त्याआधी नेमकं काय चुकलं ते नीट समजून घे, कारण तुझ्या पत्रावरून वाटतंय की तुझ्या मनात अजून चूक म्हणजे अॅक्सिस आहे, आणि सरांनीही तेवढंच दुरुस्त करायला लावलं. मॅडमनी फोनवर दोन गोष्टी विचारल्या होत्या. तुम्ही दोघांनी मिळून पहिलीचंच उत्तर दिलंत, आणि खरं वजन दुसरीत होतं.

अॅक्सिसचं लवकर उरकते. तू हात लावला नव्हतास हे मला पटतं, कारण एक्सेल आपणहून हेच करतं. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा यांच्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण एक षष्ठांशापेक्षा, म्हणजे १६.६७ टक्क्यांपेक्षा, कमी असेल तर एक्सेलचा ऑटोमॅटिक अॅक्सिस शून्यापासून सुरूच होत नाही, मध्येच कुठंतरी सुरू होतो. तुझे आकडे ४.० आणि ३.४, फरक ०.६, म्हणजे ४.० च्या १५ टक्के. हद्दीच्या जरासा आत. हाच शेवटचा आकडा ३.२ असता तर फरक २० टक्के झाला असता आणि एक्सेलने गुपचूप शून्यापासून बार काढले असते. म्हणजे गंमत बघ, बदल जितका किरकोळ तितका तो मोठा करून दाखवला जाण्याची शक्यता जास्त. तीनपासून मोजल्यावर पहिल्या बारची उंची राहिली १.० आणि शेवटच्याची ०.४, डोळ्यांना ६० टक्के घट दिसली, प्रत्यक्षात टक्क्यात झालेली घट १५ टक्के. बारमध्ये माणूस उंची वाचतो, कडेला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते नंतर वाचतो किंवा वाचतच नाही, म्हणून बारला शून्य लागतंच. लाइन चार्टला इतकं सक्तीचं नाही, तिथं आपण चढउतार बघतो. तेव्हा एकदाच बस, अॅक्सिसवर राइट क्लिक करून Format Axis मध्ये Bounds खाली Minimum ला 0 टाईप कर, आणि तो चार्ट Save as Template करून ठेव, म्हणजे दर तिमाहीला हे आठवायला नको. झालं. एवढंच असतं तर मी तुला एवढं मोठं उत्तर लिहिलंच नसतं.

आता दुसरा प्रश्न. टक्के सोड आणि रुपयांत बघ. लोन बुक म्हणजे तुमचं लोकांकडून येणं असलेलं एकूण कर्ज. मागच्या मार्चला ४०० कोटींचे ४.० टक्के म्हणजे १६ कोटी थकलेले. या मार्चला ६०० कोटींचे ३.४ टक्के म्हणजे २० कोटी ४० लाख. थकलेला पैसा वर्षात ४ कोटी ४० लाखांनी वाढलाय आणि वर शीर्षक काय, तर मोठी घट. तुझा प्रत्येक आकडा बरोबर आहे, भागाकार पण बरोबर आहे, पण तो टक्का खाली आलाय तो वसुली सुधारली म्हणून आलाय असं त्यातून अजिबात सिद्ध होत नाही, कारण अंश वाढलाय आणि छेद त्याहून जोरात वाढलाय.

शाळेतलं उदाहरण देते. वर्गात ४० मुलं, त्यातली ४ परीक्षेत नापास, म्हणजे १० टक्के. परीक्षा झाल्यावर २० नवीन मुलांना प्रवेश दिला, ज्यांनी अजून पेपरच लिहिला नाहीये, आणि आता म्हणायचं की ६० पैकी ४ नापास, प्रमाण साधारण ६.७ टक्क्यांवर आलं, शाळा सुधारली. तुमचं नवीन २०० कोटींचं बुक बऱ्याच अंशी असंच परीक्षा न दिलेलं आहे. कर्ज वाटल्यावर पहिला हप्ता साधारण महिन्याने येतो, तो चुकला तरी ९० दिवस उलटून जाईपर्यंत ते खातं एनपीए म्हणायचं नाही, म्हणजे आज दिलेलं कर्ज अगदी पहिल्या हप्त्यापासून बुडालं तरी चार महिने ते तुझ्या अंशात येऊच शकत नाही, छेदात मात्र वाटल्या दिवसापासून पूर्ण रकमेनिशी बसलेलं असतं. जानेवारी ते मार्च हा फायनान्स कंपन्यांचा टार्गेट गाठायचा काळ, त्या तीन महिन्यांत वाटलेलं सगळंच्या सगळं मार्चच्या टक्क्याला खाली ओढतं आणि त्यातलं एकही खातं तोपर्यंत एनपीए होऊ शकत नाही. मार्चचा टक्का नेहमी देखणा दिसतो तो त्यामुळेही.

हे पकडायची एक सोपी पद्धत आहे आणि मॅडमच्या डोक्यात बहुतेक तीच असणार. आजची थकलेली रक्कम आजच्या बुकने न भागता वर्षापूर्वीच्या बुकने भागायची, याला लॅग्ड एनपीए म्हणतात. आजचे २०.४ कोटी भागिले वर्षापूर्वीचे ४०० कोटी, ५.१ टक्के. तुलनेसाठी मागच्या मार्चचाही तसाच काढायला हवा, त्याच्या आदल्या मार्चचं बुक तू दिलं नाहीयेस, समजा ते ३२० कोटी होतं, तर १६ भागिले ३२० म्हणजे ५.० टक्के. आता बघ, ५.० वरून ५.१. घट नाहीच, फार तर जैसे थे. अर्थात हा आकडाही अंतिम सत्य नाही, कारण आजच्या २०.४ कोटींमध्ये या वर्षी वाटलेली काही खातीसुद्धा असतील आणि ती तू जुन्या बुकच्या माथी मारतेयस, त्यामुळे वेगाने वाढणाऱ्या कंपनीत हा आकडा जरा जास्तच वाईट दिसतो. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी द्यायचे. एक ३.४ सांगतो, दुसरा ५.१, खरी गोष्ट मध्ये कुठंतरी आहे, आणि दोन्हींत एवढं अंतर पडलंय हीच बोर्डाला कळायला हवी अशी बातमी आहे.

आणखी एक जागा तपासायची राहिलीये. एनपीए कमी होण्याचे मुख्य रस्ते दोन, पैसे वसूल होतात किंवा कर्ज राइट-ऑफ होऊन पुस्तकातून जातं, आणि टक्क्यात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून वर्षाचा हिशोब मांडायचा, सुरुवातीला किती होते, नवीन किती घसरून एनपीए झाले, किती वसूल झाले, किती राइट-ऑफ केले. तुझ्याकडचे खरे आकडे मला माहीत नाहीत, पण समजा सुरुवातीचे १६, नवीन घसरलेले ९, वसुली २.१ आणि राइट-ऑफ २.५, तरी शेवटी २०.४ च येतात. यात जर नवीन घसरलेले आदल्या वर्षी ५ असतील आणि यंदा ९, तर मग तुझ्या शीर्षकातलं एक अक्षरही टिकत नाही. ही चार ओळींची आकडेमोड बहुतेक अकाउंट्सकडे तयार मिळते, मागून घ्यायची फक्त.

तुला वाटेल एका चार्टसाठी ताई किती ताणतेय. पण त्याच मीटिंगमध्ये काय मंजूर झालं बघ, दहा शाखा. दहा शाखा म्हणजे आणखी नवीन कर्ज, म्हणजे आणखी फुगलेला छेद, म्हणजे पुढच्या मार्चला टक्का अजून खाली आणि सगळे अजून खूश. हे बुक वाढतंय तोवरच चालतं. ज्या वर्षी बँकांनी तुम्हाला पैसे द्यायचे कमी केले आणि बुक ६०० वरच अडकलं, त्या वर्षी छेद थांबतो आणि वाटलेली कर्जं मात्र वयात येत राहतात. ५.१ चाच वेग धरला तर ६०० कोटींवर ३० कोटी ६० लाख, आणि टक्का ३.४ वरून थेट ५.१. कुणी नवीन चूक केली नाही, कुठली वसुली ढिली पडली नाही, तरी एका वर्षात दीडपट. वेगाने वाढलेल्या छोट्या कर्ज कंपन्यांचं दुखणं कित्येकदा असंच अचानक बाहेर येतं आणि मग सगळे म्हणतात मागच्या वर्षापर्यंत तर छान होतं की. शाखा मंजूर करणं चूक होतं असं मी म्हणत नाहीये, कदाचित सगळं कळूनही बोर्डाने त्या दिल्या असत्या. पण त्यांना ते कळून ठरवायला मिळालं नाही.

त्या रात्री साडेनऊला काय करता आलं असतं? बरंच काही, आणि तासाभरात. नवीन विश्लेषण करायला वेळ नव्हता हे मान्य, लोन डंप, म्हणजे सगळ्या कर्जखात्यांची फाइल, उघडून वाटपाच्या महिन्यानुसार कर्जांच्या बॅचेस लावणं हे रात्री दहाला करायचं कामच नाही, घाईत तिथं नव्या चुका होतात. पण १६ कोटी आणि २०.४ कोटी हे दोन आकडे काढायला कॅल्क्युलेटर पुरतो. चार्टच्या खाली रकमेची एक ओळ, त्याखाली लोन बुकची एक ओळ, आणि शीर्षक बदलून "एनपीएचा टक्का ४.० वरून ३.४; रक्कम १६ कोटींवरून २०.४ कोटी, लोन बुक दीडपट". एवढं शीर्षक वाचल्यावर कुठलाही जागा डायरेक्टर पुढचा प्रश्न स्वतःच विचारतो. मग ते पान मॅडमना दाखवायचं, सरांना दाखवायचं, आणि तिसरा फोन कंपनी सेक्रेटरीला.

हा तिसरा फोन झाला नाही ही माझ्या मते त्या रात्रीची सगळ्यात मोठी चूक, आणि ती तुझ्यापेक्षा तुझ्या सरांची. बोर्डाची कागदपत्रं ही ऑफिसची साधी फाइल नसते. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेचं सेक्रेटेरियल स्टँडर्ड-१ आहे, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११८ मुळे ते पाळावं लागतं, त्यात अजेंडा आणि त्याच्या नोट्स निदान सात दिवस आधी द्यायच्या असं आहे. ते सात दिवस याचसाठी की डायरेक्टरांनी घरी बसून वाचावं. म्हणजे तुझा जुना चार्ट ज्यांनी वाचला ते लोक आधीच मत बनवून आले होते. कुणी डाउनलोड केला असेल, कुणी प्रिंट काढली असेल, वयस्कर डायरेक्टर तर हमखास काढतात. उशिरा काही द्यायचं झालं तर त्यालाही रस्ता आहे, पुरवणी नोट मीटिंगच्या वेळी किंवा आधी देता येते, फक्त चेअरमनची परवानगी आणि हजर डायरेक्टरांच्या बहुमताची संमती लागते, आणि कंपनीत स्वतंत्र डायरेक्टर असतील तर त्या बहुमतात त्यांच्यातला निदान एक असावा लागतो. म्हणजे सकाळी मीटिंग सुरू होताना सेक्रेटरींनी दोन वाक्यं बोलायची होती, की अमुक पानावरचा चार्ट बदललाय, या कारणाने बदललाय, ही नवीन प्रत. दोन मिनिटं अवघडल्यासारखं झालं असतं. त्याऐवजी आता पोर्टलवर एक प्रत आहे, लोकांच्या बॅगेत दुसरी आहे, आणि पोर्टलच्या लॉगमध्ये आदल्या रात्री फाइल बदलल्याची नोंद बहुतेक तुझ्याच लॉगिनने आहे. उद्या ऑडिटरने विचारलं तर चार्ट चुकला होता हे कुणीही समजून घेईल, रात्री गुपचूप बदलला का याला उत्तर नाही.

आता काय करायचं ते. मीटिंगच्या मिनिट्सचा मसुदा पंधरा दिवसांत डायरेक्टरांना जातो, मग त्यांना शेरे द्यायला सात दिवस असतात. तुझे सहा दिवस झालेत, म्हणजे मसुदा बहुतेक अजून गेलेला नाही. पण एक लक्षात ठेव, कुणी म्हणालं की मिनिट्समध्येच टाकून देऊ की चार्ट बदलल्याचं सांगितलं होतं, तर अजिबात ऐकू नकोस. मिनिट्समध्ये मीटिंगमध्ये जे घडलं तेच येतं, आणि हे घडलं नव्हतं. दुरुस्ती वेगळी नोट म्हणून डायरेक्टरांना जायला हवी आणि पुढच्या मीटिंगमध्ये तिची नोंद घेतली जायला हवी. ते करणं सेक्रेटरींचं काम, तुझं काम त्यांच्यापर्यंत ते पोचवणं.

पहिल्यांदा मॅडमकडे जा. त्या तुझ्यावर चिडल्यात असं तुला वाटतंय, मला वाटतं त्या वाट बघतायत. त्यांनी चूक पकडून तुलाच फोन केला, वर कुणाला मेल टाकला नाही, म्हणजे तुला दुरुस्त करायची संधी दिली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना काय दिसलं तर अर्धी दुरुस्ती आणि तीही न सांगता. त्यांना सरळ सांग की सरांनी असं सांगितलं आणि मी तसं केलं, आता मला ते नीट करायचंय, आणि वर्षापूर्वीच्या बुकचा आणि नवीन घसरलेल्या खात्यांचा आकडा मला तुमच्याकडून हवाय.

मग सरांशी. आधी समोरासमोर, मग त्याच दिवशी मेल, कारण तोंडी बोललेलं उरत नाही. मेलमध्ये कुणावर बोट दाखवू नकोस, "तुम्ही सांगितलंत म्हणून" हे त्यात नको, ते कुणी विचारलं तर सांगायचं. साधारण असं लिही:

"सर, बोर्ड पॅकमधला एनपीएचा चार्ट मी तयार केला होता. आधी पाठवलेल्या प्रतीत अॅक्सिस ३ पासून होता आणि मीटिंगच्या आदल्या रात्री मी पोर्टलवर बदललेली प्रत टाकली, पण बदल झाल्याचं डायरेक्टरांना कळवलं गेलं नाही. तसंच दोन्ही प्रतींत थकीत रक्कम १६ कोटींवरून २०.४ कोटी झाल्याचं आलेलं नाही. सोबत दुरुस्त पान आणि जुन्या दोन्ही प्रती जोडल्या आहेत. हे कंपनी सेक्रेटरींना पाठवून डायरेक्टरांना कळवावं अशी विनंती." सीसीमध्ये रिस्कच्या मॅडम. जुन्या दोन्ही फाइल्स तशाच ठेव, एकही डिलीट करू नकोस, नाव बदलूनही ठेवू नकोस.

सर रागावतील हे गृहीत धर. बहुतेक म्हणतील आता संपलं ना, कशाला उकरतेस. त्यावर वाद घालू नकोस, एवढंच म्हण की सर, शाखांचा निर्णय त्याच मीटिंगमध्ये झालाय. हे वाक्य त्यांनाही कळतं, कारण पुढे प्रश्न आला तर त्यांचंच नाव त्या प्रेझेंटेशनवर आहे. दोन-तीन दिवसांत मेल पुढे गेला नाही तर मॅडमनी सेक्रेटरींना पाठवायला हवा, आणि त्यांनी तो पाठवला की तुझं यातलं काम संपतं. त्याही पुढे एक दार आहे, ते तुला माहीत असावं म्हणून सांगते, बँका आणि सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींपेक्षा जास्त कर्ज घेतलेल्या कंपनीला तक्रारीची व्हिजिल यंत्रणा ठेवावीच लागते, ६०० कोटींचं बुक चालवणाऱ्या तुमच्या कंपनीत ती बहुतेक असणार, आणि गरज पडल्यास तिथून ऑडिट कमिटीच्या चेअरमनपर्यंत जाता येतं. पण ते दार आज ठोठावू नकोस. इथं कुणी पैसे खाल्लेले नाहीत, आदल्या रात्री घाबरून एक वाईट निर्णय झालाय, आणि तो अजून आतल्या आत सरळ करता येतो.

दुरुस्त पान करताना एक राहिलंच. जमलं तर त्यात मॅडमच्या मदतीने बॅचचा एक छोटा तक्ता घाल, मागच्या वर्षीच्या एप्रिल-जूनमध्ये वाटलेली कर्जं सहा महिन्यांनी किती टक्के ३० दिवसांच्या वर थकली होती, आणि त्याच्या आदल्या वर्षीच्या एप्रिल-जूनची सहा महिन्यांनी किती. एकाच वयाच्या कर्जांच्या दोन बॅचेस शेजारी शेजारी, त्यात छेद फुगायचा प्रश्नच येत नाही. ९० ऐवजी ३० दिवस यासाठी की बिघाड असेल तर तो तिथं आधी दिसतो. हे करायला तुला प्रत्येक खात्याची वाटपाची तारीख आणि महिनाअखेरचे थकीत दिवस एवढे दोनच कॉलम लागतील, जुन्या महिन्यांचे डंप कुणीतरी ठेवलेले असले पाहिजेत फक्त. नसतील तर या महिन्यापासून तू ठेवायला लाग, दर महिन्याच्या शेवटच्या तारखेची फाइल, वेगळ्या फोल्डरमध्ये.